सातव्या घरी अडणारा अनुष्टुभ

अनुष्टुभ वर्गात येतो तेव्हा कुणी दचकत नाही. शार्दूलविक्रीडित येतो तो एकोणीस अक्षरांचा लवाजमा घेऊन. म, स, ज, स, त, त, ग ही त्याच्या गणांची यादी फळ्यावर उतरेपर्यंत मागच्या बाकांवर जांभया सुरू झालेल्या असतात. मंदाक्रांता सतरा अक्षरांची, आणि तिला मध्येच दोनदा विसावाही लागतो. भुजंगप्रयात त्या मानाने सरळमार्गी, एकच य गण चार वेळा. अनुष्टुभाजवळ असं काहीच नसतं. चार चरण, चरणात आठ अक्षरं, एकूण बत्तीस. गणांची यादी नाही, विसाव्याच्या जागा पाठ करायच्या नाहीत. साध्या सदऱ्यातला हा गृहस्थ दारात उभा राहून विचारतो, ‘आठ अक्षरं आहेत का?’ पोरं म्हणतात, ‘आहेत.’ तो म्हणतो, ‘मग या.’

पोरं निर्धास्त आत शिरतात आणि थोड्याच वेळात एकेक बाहेर यायला लागतात.

कारण हा भिडस्त दिसणारा माणूस आठपैकी फक्त तीन घरांबद्दल हट्टी आहे. पाचवं अक्षर लघु हवं, सहावं गुरू हवं; हे चारही चरणांत. सातव्याचा मात्र नियम चरणागणिक बदलतो. पहिल्या आणि तिसऱ्या चरणात ते गुरू, दुसऱ्या आणि चौथ्यात लघु. आठवं कसंही चालतं. पहिल्या चार घरांत, शाळेच्या पुस्तकापुरतं तरी, तुम्हाला काय भरायचं ते भरा.

सातव्या घरी हा फरक का, हे नियम पाठ करून कळत नाही, मोठ्याने म्हटल्यावर कळतं. विषम चरणात सहावं-सातवं अशी दोन जड अक्षरं लागोपाठ येतात. आवाज तिथे वर टेकतो आणि लोंबकळत राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं, अजून काही यायचं आहे. सम चरणात सातवं हलकं असल्यामुळे आवाज तिथून घसरून आठव्यावर खाली बसतो. प्रश्न आणि उत्तर, पुन्हा प्रश्न आणि उत्तर. एवढ्या एका अक्षराच्या बळावर या गृहस्थाने वाल्मीकींचं रामायण, महाभारताचा बहुतेक भाग आणि सातशे श्लोकांच्या गीतेतला मोठा वाटा अंगावर घेतला. क्रौंचवधाच्या वेळी वाल्मीकींच्या तोंडून जो श्लोक निघाला म्हणतात, तोही याच घरचा.

पोथ्या नकलून देणाऱ्या लेखकांनी तर त्याला मापच करून टाकलं होतं. बत्तीस अक्षरं म्हणजे एक ‘ग्रंथ’. मग मजकूर गद्य असो की आर्या असो, तो किती ग्रंथ भरला ते बत्तीसच्या हिशेबाने मोजायचे आणि पोथीच्या शेवटी तो आकडा घालायचे. वाण्याच्या मापात ज्वारीही बसते आणि हरभराही, तसं. कवितेतल्या दुसऱ्या कुणाला हा मान मिळाल्याचं मला माहीत नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरांना आठ अक्षरं मोजायला शिकवावी लागत नाहीत. गावोगाव भजनी मंडळं आहेत, हरिपाठ आहे, शेगावच्या वाटेवरच्या दिंड्या आहेत. लहान अभंगाचा चरण आठ अक्षरांचाच असतो. टाळ हातात घेतलेल्या पोराच्या कानात आठ कधीच जाऊन बसलेले असतात. अडचण इथेच आहे. अभंगात अक्षर फक्त मोजायचं असतं, तोलायचं नसतं. गाताना लघुही लांबवून गुरूसारखं म्हणतात, आणि कुणाची तक्रार नसते. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, ‘छंदोरचने’त छंद, जाती आणि वृत्त असे जे तीन गट केले, त्यात अभंग-ओवीसारख्या अक्षरं मोजणाऱ्या रचना छंदांत जातात आणि अक्षरांचे लघुगुरू ठरवून दिलेल्या रचना वृत्तांत. अनुष्टुभ यांच्या उंबऱ्यावर उभा आहे. पाच घरांत तो अभंगासारखा वागतो, तीन घरांत शार्दूलविक्रीडितासारखा. अभंगावर पोसलेला कान त्या पाच घरांवर विश्वासून आत जातो आणि तीन घरांत सापडतो.

म्हणून श्लोकरचनेचा स्वाध्याय देताना मी ‘पावसावर लिहा’, ‘आईवर लिहा’ असं सांगत नाही. त्यावर पोरांकडे तयार ओळी असतात आणि त्या तशाच्या तशा येतात. मी देतो जिल्ह्यातले तालुके. बुलढाण्यात तालुके तेरा. प्रत्येकाने एकेक नाव घ्यायचं आणि ते नाव असलेला एक शुद्ध चरण करून आणायचा. नावाची अक्षरं बदलायची नाहीत, ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं नाही.

ही युक्ती मला विनोबांमुळे सुचली. 1930-31 मध्ये वर्ध्याला त्यांनी ‘गीताई’ लिहिली आणि 1932 मध्ये ती छापून आली. तिचा पहिलाच श्लोक तपासून पाहा. चारही चरणांत पाचवं, सहावं, सातवं अक्षर जिथल्या तिथे आहे. त्याहून गमतीची गोष्ट पहिल्या चरणात आहे. संस्कृतात ‘कुरुक्षेत्र’ हे नाव पाचव्या घरापासून आठव्यापर्यंत बसलं आहे, आणि मराठीतही विनोबांनी ते त्याच चार घरांत ठेवलं आहे. कु लघु, रु खरं तर लघु, पण पुढच्या ‘क्षे’चा धक्का बसून गुरू, क्षे गुरू. लघु, गुरू, गुरू. विषम चरणाला जे हवं ते त्या गावाच्या नावातच आहे. मग वाटलं, आपल्या गावांच्या नावांत काय आहे ते बघावं.

फळ्यावर आठ चौकोन काढायचे. पाचव्यात ल, सहाव्यात ग. सातव्यात विषम चरणासाठी ग, समासाठी ल, तो रंगीत खडूने. बाकीचे रिकामे. मग नाव उचलायचं आणि चौकोनांवर सरकवून पाहायचं.

पहिलं नाव अर्थातच जिल्ह्याचं. एका मुलाने क्षणात ओळ दिली: ‘घाटावर बुलढाणा’. आमच्याकडे जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असाच ओळखला जातो, त्यामुळे ओळ अगदी तोंडातली. मोजली तर आठ. वर्गाने टाळ्या वाजवायची तयारी केली. मी म्हटलं, ‘चौकोनात भर.’ घा, टा, व, र, बु, ल, ढा, णा. पाचव्यात बु, ठीक. सहाव्यात ल. अनुष्टुभ तिथेच उठून उभा राहिला.

‘सर, काहून? आठच हायेत, मोजून पाह्यले.’

आठच आहेत, पण एक घर पुढे सरकले आहेत. ‘बुलढाणा’ म्हणजे लघु, लघु, गुरू, गुरू. त्यातल्या दुसऱ्या लघूला पाचवं घर हवं, म्हणजे नाव चौथ्यापासून सुरू व्हायला हवं. त्याच्या आधी तीनच अक्षरं आणि मागे एक. ‘घाटावर’ चार अक्षरांचा आहे, म्हणून त्याने गावाला ढकलून एक पाऊल पुढे नेलं. यातून एक रीत निघते आणि ती मी पोरांना आधी सांगत नाही, त्यांना सापडू देतो: अनुष्टुभाची ओळ डावीकडून लिहायला घेऊ नये. आधी पाच-सहा-सात भरावेत, मग मागे यावं. डावीकडून निघालेला माणूस चौथ्या घरापर्यंत राजा असतो आणि पाचव्यात त्याला कळतं की, आपल्या हातात चुकीचा शब्द आहे.

त्या मुलाने नाव चौथ्यात ठेवलं, मागे ‘अन्’ लावलं आणि पुढे तीन अक्षरं शोधत बसला. ‘माथ्याशी’ सापडलं. ‘माथ्याशी बुलढाणा अन्’. आता सातव्यात णा, गुरू. चरण विषम झाला. ‘अन्’मुळे ओळ आपोआप लटकत राहिली, पुढचं मागत राहिली.

पुढचं ज्याच्याकडे होतं तो खामगावची सुतगुंडी सोडवत होता. खा, म, गा, व: गुरू, लघु, गुरू, लघु. हे चौथ्यापासून ठेवलं की पाचव्यात म, सहाव्यात गा, सातव्यात व येतो. सातवं लघु, म्हणजे खामगाव सम चरणातच बसणार. पहिल्या चरणाच्या शेवटाकडे त्याला कितीही नेऊन ठेवा, ते तिथे बसत नाही. मग बुलढाणा प्रश्न आणि खामगाव उत्तर:

माथ्याशी बुलढाणा अन् पायाशी खामगाव ते

आणि भूगोलही बरोबर. अजिंठ्याच्या रांगेवर बुलढाणा, खाली पूर्णेच्या खोऱ्यात खामगाव. छंदाने आम्हाला घाट उतरायला लावला.

मेहकरने सगळ्यांचा घाम काढला. मे गुरू, आणि पुढे ह, क, र हे तिन्ही लघु. बोलताना आपण दोन घासांत ‘मेह्-कर’ म्हणून टाकतो. श्लोकात मात्र चारही अक्षरं सुटी म्हणावी लागतात, ‘मे-ह-क-र’. मराठी कानाला हे पहिल्यांदा परकं वाटतं. लिहिताना शेवटचा अ असतो, बोलताना तो गिळलेला असतो, आणि वृत्त तो परत ओकायला लावतं. लय चुकली असं ज्याला वाटतं, त्याची पुष्कळदा लय बरोबर असते, फक्त तो बोलल्यासारखं वाचत असतो.

तर मेहकर कुठे ठेवायचं? सहाव्या घराला गुरू हवा, म्हणून तिथे ह, क, र यातलं कुणी चालणार नाही. तिसऱ्यापासून सुरू केलं तर र सहाव्यात जातो. चौथ्यापासून केलं तर क. पाचव्यात तर मे स्वतःच गुरू. उरली पहिली आणि दुसरी जागा. इथे मला पुस्तकाबाहेरचा एक नियम सांगावा लागला. अनुष्टुभ पहिल्या चार घरांबद्दल बोलत नाही म्हणून ती अगदीच मोकळी नसतात. दुसरं आणि तिसरं अक्षर, दोन्ही एकदम लघु, त्याला खपत नाही. ओळ सुरुवातीलाच पाय घसरल्यासारखी पळते. पहिल्या घरापासून ठेवलेल्या मेहकरात नेमकं तेच होतं, ह आणि क दुसऱ्या-तिसऱ्यात येतात. म्हणजे मेहकरला दुसऱ्या घरापासूनच आत यावं लागतं, दुसरा दरवाजा नाही. ज्या गावात वकिली करत ना. घ. देशपांडे कविता लिहीत राहिले आणि ज्यांच्या ‘खूणगाठी’ला 1986 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्या गावाला श्लोकात शिरायला एवढं एकच कवाड. (देशपांड्यांची ‘शीळ’ गाण्याच्या चालीची. अनुष्टुभाच्या वाटेला त्यांना तिथे जावं लागलं नाही.)

मेहकरचं नाव ज्या मुलीकडे होतं तिने ‘तो’ हे एक अक्षर पुढे लावलं, मागे ‘चा’ जोडला आणि ‘रस्ता’ घातला: ‘तो मेहकरचा रस्ता’. आता भांडण सुरू झालं. सातव्यात ‘रस्ता’चा र आहे, तो लघु की गुरू? मागच्या बाकावरून आवाज आला, ‘लघु.’ अक्षर म्हणून तो लघुच, पण मोठ्याने म्हणून पाहा, पुढच्या ‘स्ता’तला स र वर येऊन आदळतो, रस्-ता. म्हणून गुरू, आणि चरण विषम.

हे एकदा पटलं की पोरं उत्साहाने प्रत्येक जोडाक्षराच्या मागच्याला गुरू ठरवायला लागतात, आणि तिथे दुसरा खड्डा आहे. लोणारवाल्याने लिहिलं होतं, ‘सरोवरी उन्हाळ्यात’. त्याच्याच शेजाऱ्याने पाचव्या घरातल्या ‘उ’खाली ग लिहून ओळ बाद केली, कारण पुढे ‘न्हा’ हे जोडाक्षर. पण म्हणून पाहा. आपण ‘उन्-हाळा’ म्हणत नाही, ‘उ-न्हाळा’ म्हणतो. न्ह हा एका श्वासातला आवाज आहे, तो मागे धक्का देत नाही. म्ह, न्ह, ल्ह ही मंडळी मराठीत अशीच सौम्य आहेत. ‘तुझ्या’तला तुसुद्धा लघुच राहतो. जोडाक्षर डोळ्यांना दिसतं म्हणून मागचं गुरू होत नाही. आघात कानाला लागला तर होतं. उन्हाळा सुटला, पाचव्यात उ लघु, सहाव्यात न्हा, सातव्यात ळ्या. ओळ शुद्ध, आणि तिथल्या खाऱ्या पाण्यासाठी मे महिना बरोबर.

लोणारचा पहिला प्रयत्न मात्र असा नव्हता. सगळ्यांनाच सुचते ती ओळ त्यालाही सुचली होती: ‘लोणारचे सरोवर’. पाचव्यात स, सहाव्यात रो, सातव्यात व. पुस्तकाच्या नियमाने हा सम चरण म्हणून पास. विषम म्हणून नापास, तो मुलगा तेवढ्यावरच हिरमुसला होता. पण सम म्हणूनसुद्धा मी थांबवला. लो, णा, र, चे, स, रो, व, र: पहिल्या अक्षरानंतर जड, हलकं, जड, हलकं, जड, हलकं. झोपाळा. सम चरणात दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरांत गुरू-लघु-गुरू आलं की पुढचं लघु-गुरू-लघु त्याला येऊन मिळतं आणि सगळी ओळ एकाच हेलकाव्यावर जाते. तो वेगळ्याच वृत्ताचा चेहरा आहे. जुन्या छंदशास्त्राने हे टाळायला सांगितलं ते त्यासाठीच.

हा नियम सिंदखेडच्या श्लोकात फार स्पष्ट दिसला. जिजाऊ हे नाव लघु, गुरू, गुरू आहे. विषम चरणाच्या पाच-सहा-सातमध्ये चपखल. एका मुलीने लिहिलं, ‘सिंदखेडी जिजाऊंचा’, आणि पुढे उत्तर दिलं, ‘वाडा अजून बोलतो’. 1598 सालचा जिजाऊंचा जन्म, लखुजी जाधवांचा राजवाडा, सगळं त्या दोन ओळींत होतं. पाच-सहा-सात तपासले: न, बो, ल. बिनचूक. तरी म्हणताना दुसरी ओळ पाळण्यासारखी हलत होती. डा, अ, जू: गुरू, लघु, गुरू. तिने ‘अजून’ काढून ‘तो आज’ घातलं:

सिंदखेडी जिजाऊंचा वाडा तो आज बोलतो

आता ओळ पहिल्या चार अक्षरांत जडपणे चालते आणि शेवटच्या चारांत वळते. कान ज्यांचे चांगले आहेत त्यांना फरक लगेच कळला, बाकीच्यांना चौकोनात दाखवावा लागला. मोठे कवी विषम चरणात यापेक्षा मोठ्या सवलती घेतात; विपुला नावाचे प्रकार आहेत, त्यात पाच-सहा-सातचा क्रमच बदलतो. व्यास-वाल्मीकींच्या हाती ते शोभतं. वर्गात मी ते दार उघडत नाही, नाही तर प्रत्येक चुकलेली ओळ विपुला म्हणून वहीत शिरते.

मेहकरचा रस्ता अजून उत्तराची वाट पाहत होता. सम चरण हवा, म्हणजे सातव्यात लघु. सिंदखेड नाव खामगावसारखंच आहे, गुरू, लघु, गुरू, लघु. चौथ्यापासून ठेवलं आणि श्लोक पुरा झाला:

माथ्याशी बुलढाणा अन् पायाशी खामगाव ते ।
तो मेहकरचा रस्ता थांबतो सिंदखेडला ॥

सुलतानपूर-दुसरबीडकडून येणाऱ्या एकाने लगेच हरकत घेतली. रस्ता सिंदखेडला थांबत नाही, पुढे जालन्याला जातो. हरकत बरोबर होती. ‘थांबतो’च्या जागी ‘पोचतो’ घातलं. दोन्ही गुरू-लघु-गुरू, छंदाला काडीचा फरक पडला नाही. समान वजनाचा दुसरा शब्द शोधण्याची ही सवय लागली की रचना हातात आली म्हणायचं. चुकलेला अर्थ बरोबर वजनात आणणारी मुलं थोडी, बरोबर अर्थ चुकलेल्या वजनात घेऊन येणारी जास्त.

आता ‘राजा’ची गंमत. सिंदखेड एकटं असलं तर शेवटाकडच्या जागा त्याला समातच मिळतात. त्याला ‘राजा’ लावा, पूर्ण नाव सिंदखेड राजा. मग ते दुसऱ्या घरापासून सुरू होऊन ड पाचव्यात, रा सहाव्यात, जा सातव्यात येतो आणि नाव विषम चरणात जातं: ‘त्या सिंदखेड राजाला’. देऊळगावचंही तेच. नुसतं देऊळगाव तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत सम चरणात. देऊळगाव राजा पहिल्या घरापासून विषम चरणात, शेवटी एक अक्षर शिल्लक. दोन्ही राजांनी आपापल्या गावाला पहिल्या चरणाचा मान मिळवून दिला, असं एकाने म्हटलं आणि मला ते शास्त्राहून बरं वाटलं.

एकेक नाव फळ्यावर बसत गेलं. शेगावचे शे आणि गा दोन्ही गुरू, म्हणून सहाव्या-सातव्यात, विषम चरणाच्या टोकाला. मलकापूर चौथ्यापासून शेवटपर्यंत, तेही विषमात. संग्रामपूर तिसऱ्यापासून, समात. मोताळा तीन गुरूंचा धोंडा, तो एक तर सुरुवातीला नाही तर विषमाच्या शेवटी. नांदुरा आणि चिखली समजूतदार, त्यांची सहावी जागा ठरली की सातव्याची काळजी पुढच्या शब्दाने घ्यायची.

बारा बसले. तेरावं बसेना. जळगाव जामोद: ज, ळ, गा, व, जा, मो, द. सात अक्षरं, म्हणून जागा दोनच. पहिल्या घरापासून ठेवलं तर पाचव्यात जा येतो, गुरू. दुसऱ्यापासून ठेवलं तर पाचव्यात व, सहाव्यात जा, सातव्यात मो, पुस्तकाचा नियम खूश. पण दुसऱ्या-तिसऱ्यात ज आणि ळ, दोन्ही लघु. मेहकरला ज्या कारणाने पहिलं दार बंद केलं होतं, तेच कारण. मेहकरवाली मुलगी डोळे वटारून बसली होती. तिला एक न्याय आणि जळगावला दुसरा, हे तिने चालू दिलं नसतं. मी म्हटलं, ‘अख्ख्या नावानिशी न बसणारा तालुका हा एकच.’ फळा पुसायला वळलो.

जळगावकडचा मुलगा वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, ‘सर, मी बसवलं.’ आणि वाचून दाखवलं: ‘जळगाव नि जामोद’.

ज, ळ, गा, व, नि, जा, मो, द. पाचव्यात नि, लघु. सहाव्या-सातव्यात जा, मो. दुसऱ्या-तिसऱ्यात ळ आणि गा, काही अडचण नाही. विषम चरण, निर्दोष.

‘पण नाव मोडलंस की रे. एका गावाची दोन केलीस.’

‘मी कुठं केली? जामोद येगळंच गाव हाये, सर. खानदेशातल्या जळगावाशी घोटाळा नको म्हणून आमच्या गावाला त्याचं नाव लावते.’

ते खरंच आहे. जामोद त्याच तालुक्यातलं स्वतंत्र गाव, आणि दोघांच्या मधलं जे अंतर कागदावर मिटून गेलं होतं ते या पोराने एका लघु अक्षराने परत घातलं. मेहकरवालीने थोडा वेळ चौकोन तपासले, बोटं मोजली, आणि मान हलवली. मग पुढच्या सम चरणासाठी शेजारच्या तालुक्याचा मुलगा उठला, त्याचं संग्रामपूर मघापासून तिसऱ्या घरात तयारच होतं, पुढे फक्त दोन अक्षरं हवी होती:

जळगाव नि जामोद पुढे संग्रामपूर ते

खालची ओळ रिकामी होती, आणि सातपुड्याचा सा कुठल्या घरात घ्यायचा यावर दोघांची जुंपली होती.